उघड्या शटरचा वेळ

‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती. १९१२ साली लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यासमोर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि सुमारे महिनाभर, ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपत, त्याचा वेल होताना दाखवला. पैसे लावू शकणाऱ्यांची खात्री पटावी, हा हेतू होता आणि तो साधला. आपल्याकडच्या सिनेमाच्या इतिहासात ही गोष्ट जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. मी बंगळूरमध्ये चित्रपटांच्या कंपोझिटिंगचे काम करतो, म्हणजे वेगवेगळी टिपलेली किंवा बनवलेली चित्रे एका फ्रेममध्ये सांधतो. मला ती फिल्म निराळ्याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. काळ दाबून वेग वाढवला की चित्रातून काय हरवते, हा आमच्या रोजच्या कामातला प्रश्न त्या कुंडीत आधीच उगवलेला होता.

हिशेबासाठी धरू की फ्रेम तासाला एक टिपली. मग तीस दिवसांच्या ७२० फ्रेम होतात आणि सेकंदाला १६ या वेगाने त्या ४५ सेकंदांत पडद्यावरून जातात. पडद्यावरची प्रत्येक फ्रेम एका तासाची प्रतिनिधी असते, पण तो तास फिल्मवर उमटलेला नसतो. शटर उघडे राहिलेले असते सेकंदाचा एक लहानसा भाग. बाकीचा तास अंधारात गेला. खोड तासाभरात फार वाढत नाही, त्यामुळे ते पडद्यावर संथपणे वर सरकताना दिसेल. पण वाटाण्याचा ताणा आधार शोधत गोल फिरतो आणि त्याची एक फेरी तास-दीड तासात होते. म्हणजे एका फ्रेममध्ये तो डावीकडे, तर पुढच्या फ्रेममध्ये भलतीकडेच असणार. प्रत्येक फ्रेममध्ये रेखीव, आणि दोन फ्रेमच्या मध्ये मोठी उडी. डोळ्याला तो वळताना दिसत नाही, थरथरताना दिसतो.

या एका उदाहरणात दोन मापे आहेत आणि पुढचे सगळे त्यांवरच उभे आहे. हलणारी वस्तू एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत जेवढी सरकते, त्या अंतराला मी झेप म्हणेन. शटर उघडे असताना ती जेवढी सरकते आणि त्यामुळे चित्रात जो ओढलेला धूसरपणा उमटतो, त्याला रेघ म्हणेन. इंग्रजीत याच रेघेला मोशन ब्लर म्हणतात आणि स्टुडिओत सगळे तोच शब्द वापरतात. रेघ किती लांब, यापेक्षा ती झेपेचा कितवा हिस्सा, हे महत्त्वाचे. सिनेमाच्या कॅमेऱ्यात शटर म्हणजे फिरती तबकडी. तिचा अर्धा भाग, १८० अंश, उघडा असेल तर रेघ झेपेच्या निम्मी होते. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगात १८० अंश म्हणजे १/४८ सेकंद. प्रेक्षकाला आकडा माहीत नसतो, पण शंभर वर्षे सिनेमा पाहून त्याच्या डोळ्याला हे निम्मे प्रमाण सवयीचे झाले आहे. रेघ त्याहून बरीच आखूड झाली की हालचाल तुटक वाटते आणि लांब झाली की चिकट.

फाळक्यांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचा असे. हँडलची एक फेरी म्हणजे आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेऱ्या म्हणजे सोळा. पाठलाग जोरदार दिसायला हवा असेल तर कॅमेरामन हँडल हळू फिरवी. कमी फ्रेम टिपल्या जात आणि नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर माणसे धावू लागत. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हँडल हळू फिरले की तबकडीही हळू फिरते, म्हणून शटर त्याच प्रमाणात जास्त वेळ उघडे राहते. झेप दुप्पट झाली तर रेघही दुप्पट होते आणि त्यांचे प्रमाण तेच राहते. म्हणूनच हाताने वेग बदललेल्या जुन्या दृश्यांत माणसे घाईत दिसतात, पण तुटक दिसत नाहीत. वाटाण्याच्या फिल्मला हे जमणे शक्य नव्हते, कारण तिथे दर फ्रेमला कॅमेरा थांबत होता.

मात्र जास्त वेळ उघडे शटर म्हणजे जास्त प्रकाश. दृश्याच्या मध्येच वेग बदलायचा, तर फिल्म जादा उजळू नये म्हणून काहीतरी आवळावेच लागते. लेन्समधले छिद्र, म्हणजे आयरिस, लहान करता येते किंवा शटरचा कोन. वरवर पाहता दोन्ही सारखेच, पण रेघेच्या दृष्टीने ते अगदी उलट आहेत. समजा कॅमेरा सेकंदाला २४ वरून ६ फ्रेमवर आणला. आयरिस आवळले तर कोन १८० अंशच राहतो, शटर १/४८ ऐवजी १/१२ सेकंद उघडे राहते आणि रेघ झेपेच्या निम्मी राहते. वेग वाढतो आणि गती मऊ राहते. किंमत एवढीच की मागची दृश्ये अधिक रेखीव होतात. त्याऐवजी शटर आवळून १/४८ सेकंदच कायम ठेवला, तर कोन ४५ अंश होतो. झेप चौपट आणि रेघ होती तेवढीच, म्हणजे झेपेचा आठवा हिस्सा. आता गती टोकदार आणि धडधडती दिसते. १९९०च्या दशकाच्या मध्यात आलेल्या आरिफ्लेक्स ४३५ या कॅमेऱ्यात शॉट चालू असतानाच शटरचा कोन विजेवर बदलत जात असे. त्यामुळे हा दुसरा प्रकार सोपा झाला आणि जाहिरातींत, गाण्यांत पुष्कळ दिसू लागला.

बंगळूरमध्ये हे शास्त्र शिकवले जात होते, तेव्हा मुंबईतही असे शिक्षण सहज मिळत नव्हते. श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायाचित्रणाचा अभ्यासक्रम होता. गुरुदत्त यांच्या चित्रपटांचे छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती तिथे शिकले. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि तो मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार ठरले. गोविंद निहलानीही याच संस्थेचे. १९६२ साली ते येथून बाहेर पडले, मूर्तींच्या हाताखाली काम केले आणि १९७१ साली सत्यदेव दुबे यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या मराठी चित्रपटाचे छायाचित्रण केले. या पिढीसाठी शटरचा कोन हा चित्रीकरणाच्या दिवशी, कॅमेऱ्यापाशी उभे राहून घेण्याचा निर्णय होता. आज तोच निर्णय पुष्कळदा महिन्यांनंतर, दुसऱ्याच कोणीतरी, अंधाऱ्या खोलीत घ्यायचा असतो. ते काम याच शहरात मोठ्या प्रमाणावर होते.

तिथपर्यंत येण्याआधी रेघ कृत्रिमपणे बनवायला शिकावे लागले. १९३३च्या ‘किंग काँग’मध्ये विलिस ओब्रायन बाहुला थोडासा हलवी, थांबवी, फ्रेम टिपे आणि पुन्हा हलवी. शटर उघडे असताना बाहुला स्थिर, म्हणून रेघ शून्य. वाटाण्याच्या ताण्याचेच दुखणे. १९८१च्या ‘ड्रॅगनस्लेयर’मध्ये यावर उपाय झाला. बाहुल्याला दांड्या लावल्या आणि शटर उघडे असतानाच संगणकाच्या हुकमाखालच्या मोटरांनी तो हलवला. या पद्धतीला ‘गो-मोशन’ म्हणत. संगणकावर काढलेल्या चित्रांनाही हाच प्रश्न होता, कारण गणिताला शटर नसते. त्याला वेळेचा एकच क्षण माहीत असतो. १९८४ साली लुकासफिल्मच्या रॉबर्ट कुक, टॉमस पोर्टर आणि लोरेन कार्पेंटर यांनी त्यावर एक देखणा मार्ग मांडला. चित्रातला रंग ठरवण्यासाठी जे असंख्य किरण सोडायचे, त्यांतल्या प्रत्येकाला शटर उघडे असण्याच्या काळातला एक वेगवेगळा, यदृच्छेने निवडलेला क्षण द्यायचा. सगळ्यांची सरासरी काढली की रेघ आपोआप उमटते. त्यांच्या दाखल्याच्या चित्रात बिलियर्डचे चेंडू होते आणि त्यांवर १, ९, ८, ४ हे आकडे होते. तेव्हापासून संगणकातल्या कॅमेऱ्यालाही शटर आले आणि आजच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्याचा कोन विचारणारी एक चौकट असते.

त्या चौकटीत कोणता आकडा भरायचा, हा आमचा धंदा. एक शॉट घेऊन पाहू. बंगळूरच्या एका रस्त्यावरून बस उजवीकडून डावीकडे जाते, कॅमेरा स्थिर आहे. कथा १९८०च्या दशकातली, पण बसच्या कुशीवर आजची दिव्यांची पाटी आहे. ती काढून तिथे रंगवलेली कन्नड पाटी बसवायची आहे. शॉट सेकंदाला २५ फ्रेमने टिपलेला. शटरची नोंद सोबत आलेली नाही, आणि नोंद आली तरी ती तपासून पाहावी.

तपासण्याची रीत सोपी आहे. बसवरचा एखादा बारीक चमकता बिंदू शोधायचा, उदाहरणार्थ आरशाच्या कडेवरचा उन्हाचा ठिपका. एका फ्रेममध्ये त्याची रेघ किती लांब ते मोजायचे. मग पुढच्या फ्रेममध्ये रेघेचे तेच टोक कुठे गेले ते पाहायचे, ही झेप. येथे रेघ २० पिक्सेल आणि झेप ४० पिक्सेल निघाली. निम्मे, म्हणजे १८० अंश, १/५० सेकंद. मोजण्यासाठी दिव्यांची पाटी मात्र वापरू नये. एलईडी दिवे पुष्कळदा डोळ्याला न कळेल अशा वेगाने मिचकत असतात आणि त्यांची रेघ तुटक उमटते.

आता पाटी. After Effects मध्ये रचनेच्या सेटिंगमध्ये `Shutter Angle` `180` ठेवले की पाटीलाही २० पिक्सेलची रेघ येते. पण त्याखालची `Shutter Phase` ही चौकट दुर्लक्षित राहते. कोन सांगतो शटर किती वेळ उघडे, फेज सांगते ते केव्हा उघडले. बसची जागा आपण रेघेच्या मध्यावर मोजतो, कारण धूसर वस्तूचा माग काढताना सॉफ्टवेअर तिचा मध्यच धरते. म्हणून पाटीचे शटरही त्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे उघडले पाहिजे. १८० अंशांसाठी ही फेज `-90`. ती शून्य ठेवली तर पाटी ४० पिक्सेलच्या झेपेत पाव हिस्सा, म्हणजे १० पिक्सेल पुढे सरकते. बस एकसारख्या वेगाने जात असेल तर हा फरक कोणी हाताने मागे ओढून झाकेलही. पण बस ब्रेक दाबते तेव्हा झेप लहान होते, फरकही लहान होतो आणि पाटी बसच्या पत्र्यावर घसरताना दिसते. वेग बदलताना घसरणारी पाटी म्हणजे फेज चुकली, असे खुशाल समजावे.

शॉट मंजूर होतो. मग संकलनाच्या टेबलावरून निरोप येतो की बस शॉटच्या मध्यापासून चौपट वेगाने जायला हवी, आणि ते ‘कॅमेऱ्यातच केल्यासारखे’ दिसायला हवे. आमच्या कामातला सगळ्यात फसवा भाग येथून सुरू होतो. संकलनात चौपट वेग म्हणजे दर चार फ्रेमपैकी एक ठेवायची. झेप १६० पिक्सेल झाली. रेघ मात्र १/५० सेकंदाची, म्हणजे २० पिक्सेलच राहिली. प्रमाण आठवा हिस्सा, ४५ अंश. हँडल हळू फिरवणाऱ्याच्या चित्रात रेघ झेपेबरोबर वाढत होती, येथे ती मागेच राहिली.

आणि पाटी? ती वेग बदलल्यानंतर बसवली आणि सेटिंग `180`च राहिले, तर सॉफ्टवेअर नव्या झेपेच्या निम्मी, ८० पिक्सेलची रेघ काढते. बसची रेघ २० आणि बसवरच्याच पाटीची ८०. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण पाटी बसची नाही हे त्याला कळेल. म्हणून पहिला नियम असा की पाटी मूळ वेगाच्या शॉटवर, मूळ शटरने बसवावी आणि वेग त्यानंतर बदलावा. मग दोन्ही रेघा एकत्र २० राहतात. हिशेब जुळला. पण जुळला तो ४५ अंशांच्या चित्राशी. शटर आवळून केलेल्या रॅम्पसारखे ते दिसेल. दिग्दर्शकाला तो धडधडता वेग हवा असेल तर काम येथेच संपते.

मऊ वेग हवा असेल, म्हणजे आयरिस आवळून केल्यासारखा, तर बस आणि पाटी दोघांचीही रेघ ८०पर्यंत न्यावी लागते. २० आधीच चित्रात मुरलेली आहे, तेव्हा भर ६०ची. ती घालण्यासाठी सॉफ्टवेअर लागोपाठच्या फ्रेम ताडून प्रत्येक पिक्सेल कुठून कुठे गेला याचा अंदाज बांधते आणि त्या दिशेने चित्र ओढते. हा अंदाज टाकलेल्या फ्रेममधून नव्हे, तर मूळ सगळ्या फ्रेममधून काढावा. १६० पिक्सेलच्या उडीपेक्षा ४०ची उडी ओळखणे त्याला सोपे जाते.

तरीही दोन ठिकाणी तो फसतो. पहिले ठिकाण म्हणजे बसची कड. मागची झाडे स्थिर आहेत, पण कडेजवळची पाने बसबरोबर ओढली जातात आणि रबरासारखी ताणलेली दिसतात. उपाय कष्टाचा आहे. बस कोरून वेगळी करायची, तिच्यामागचा रस्ता इतर फ्रेममधून भरून घ्यायचा, रेघ फक्त बसला द्यायची आणि मग ती परत ठेवायची. दुसरे ठिकाण चाके. या चित्रात चाकाचा व्यास सुमारे २०० पिक्सेल, म्हणजे परीघ ६२८. बस १६० पिक्सेल गेली की चाक पाव फेरी फिरते. चाकावरचे नट सगळे सारखे, त्यामुळे कोणता नट कुठे गेला हे सॉफ्टवेअरला कळत नाही आणि ते चाक आडवे ओढते. खऱ्या कॅमेऱ्यात नटांच्या रेघा गोलाकार उमटतात. चाके वेगळी काढून त्यांना पाव फेरीच्या निम्मा, सुमारे ४५ अंशांचा गोल धूसरपणा द्यावा लागतो आणि मग तो बसच्या सरकण्यात मिसळावा लागतो. कोणी असा शॉट ‘कॅमेऱ्यातला’ म्हणून दाखवला तर मी आधी चाके पाहतो.

वेग कमी करतानाची अडचण उलटी आणि अधिक हट्टी आहे. हीच बस चौपट संथ केली आणि मधल्या फ्रेम संगणकाकडून भरून घेतल्या, तर झेप १० पिक्सेलची होते आणि रेघ २०चीच राहते. रेघ झेपेच्या दुप्पट, हिशेबाने ७२० अंश. तबकडी पूर्ण उघडी ठेवली तरी ३६० अंशांपुढे जाता येत नाही, कारण एका फ्रेमचा वेळ संपला की पुढची फ्रेम सुरू होते. कोणताही साधा सिनेमा कॅमेरा असे चित्र टिपू शकत नाही. म्हणून उशिरा संथ केलेला शॉट गाळातून चालल्यासारखा वाटतो. रेघ वाढवता येते, पुसणे फार कठीण. संथ करायचा विचार असेल तर आधीच जास्त फ्रेमने किंवा लहान शटरने टिपून ठेवावे.

त्यामुळे जुळवणीआधी मी छायाचित्रकाराला एकच प्रश्न विचारतो. हा वेग तुम्ही त्या दिवशी कॅमेऱ्यात बदलला असता, तर आयरिस आवळले असते की शटर? त्या उत्तरावर पाटीची रेघ २० की ८० हे ठरते. सॉफ्टवेअरमधला कोन म्हणजे चित्र कसे टिपले गेले याविषयीचे आमचे विधान असते. ते सगळ्या थरांत एकच असावे लागते.

पाटीच्या बाबतीत हे विधान उघडपणे कल्पित आहे आणि त्याने कोणाचे बिघडत नाही. जुन्या फिल्मच्या बाबतीत तसे नाही. १९१९चा फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’, ज्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती, आज माहितीपटांत तुकड्यातुकड्यांनी वापरला जातो. सेकंदाला १६ फ्रेम आणि निम्मे शटर धरले, तर तिथली रेघ १/३२ सेकंदाची. ती फिल्म २४च्या वेगाने तशीच पळवली तर कृष्ण घाईत दिसतो, पण रेघ आणि झेप यांचे नाते शाबूत राहते. दर दुसरी फ्रेम दोनदा दाखवली तर हालचाल किंचित अडखळते, पण प्रत्येक फ्रेम खरी असते. संगणकाकडून मधल्या फ्रेम भरून घेतल्या तर हालचाल गुळगुळीत होते. मात्र झेप दोन-तृतीयांश उरते, रेघ तीच राहते आणि प्रमाण २७० अंशांवर जाते. त्या फ्रेममध्ये कृष्णाच्या हाताची जी रेघ दिसते, ती कोणत्याही शटरसमोर कधी उमटलेली नसते. माहितीपटासाठी असे तुकडे माझ्याकडे येतात तेव्हा मी दुसरा मार्ग सुचवतो. थोडे अडखळले तरी चालेल. त्या हाताची रेघ म्हणजे शटर उघडे होते तेवढ्या वेळात मंदाकिनीने खरोखर हलवलेला हात आहे, आणि त्या वेळेची तेवढीच नोंद आपल्याकडे उरली आहे.